एकशे तेवीस पिशव्या आणि एक पत्र

मे महिना रक्तकेंद्रांना जड जातो. कॉलेजांना सुट्ट्या लागतात, नेहमीचे रक्तदाते गावी जातात, कारखाने आणि कार्यालयांतली शिबिरे कमी होतात. अपघात, बाळंतपणे, थॅलेसेमियाची मुले आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया मात्र सुट्टी घेत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात गणेश मंडळे, तरुण मंडळे, वाचनालये, पतसंस्था आपापल्या परीने उन्हाळ्यात शिबिरे घेतात. कुणीतरी हॉलचे भाडे उचलते, कुणी अल्पोपाहाराचा खर्च करते, कुणी नुसती गाडी देते. शिबिर पार पडते, पिशव्या रक्तकेंद्राकडे जातात, बॅनर उतरतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कार्यकर्त्यांपैकी कुणाला तरी आठवते की प्रायोजकाला आभाराचे पत्र द्यायचे राहिले.

मग पत्र लिहिले जाते ते बहुधा असे असते: ‘आपल्यासारख्या दानशूर व्यक्तिमत्त्वाच्या अनमोल सहकार्यामुळे आमचे भव्य रक्तदान शिबिर अभूतपूर्व यशस्वी झाले. शेकडो रुग्णांना जीवदान मिळाले. आपले आभार मानायला शब्द अपुरे पडतात. आपण सदैव असेच पाठीशी राहाल, ही अपेक्षा.’

या पत्रात खोटेपणाचा हेतू नसतो. लिहिणाऱ्याला मनापासून कृतज्ञता वाटत असते, आणि आभार म्हटले की जी भाषा कानावर पडत आली तीच हातून उतरते. पण ज्याने पैसे दिले त्याला या पत्रातून काय कळते? शिबिर कुठे झाले, किती जण आले, आपले पैसे कशावर गेले, त्यामुळे कोणती गोष्ट शक्य झाली, यातले काहीच कळत नाही. प्रायोजकाचे नाव खोडून दुसऱ्या कुणाचे घातले, रक्तदानाऐवजी क्रिकेटचे सामने लिहिले, तरी पत्राचे फारसे बिघडत नाही.

चांगले आभारपत्र कसे घडते, हे एका शिबिरावरून पाहू. शिबिर, मंडळ आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. कामाची रीत आणि अडचणी मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतील अशाच आहेत.

एक तरुण मंडळ दर मे महिन्यात शिबिर घेते. गेल्या वर्षी ते शाळेच्या मैदानात मांडव घालून घेतले होते. अकराच्या पुढे मांडवात बसवेना. १३१ जणांनी टोकन घेतले, त्यातले २७ जण नंबर लागण्याआधीच निघून गेले. तपासणीत १८ जणांना रक्त देता आले नाही. रक्तदान झाले ८६ जणांचे. रक्त देऊन उठल्यावर सात जणांना चक्कर आली. या वर्षी गावातल्या एका पतसंस्थेने ४० हजार रुपये दिले. मंडळाने पंख्यांचा हॉल घेतला, कूलर भाड्याने आणले, आणि एका गाडीने वाड्यावस्त्यांवरच्या लोकांची ने-आण केली. या वेळी १४९ टोकन गेले, पाच जण वाट पाहून परत गेले, २१ जणांना तपासणीत थांबवले गेले आणि १२३ जणांनी रक्त दिले. चक्कर आली दोघांना.

एवढी माहिती हाताशी असेल तर पत्र निम्मे लिहून झालेले असते. पण ती हाताशी असायला हवी, आणि शिबिर संपल्यावर ती गोळा होत नाही. रक्तदात्यांची नोंद रक्तकेंद्राचे कर्मचारी ठेवतात, त्यामुळे किती पिशव्या जमल्या हे नंतरही कळते. किती जण कंटाळून परत गेले, हे मात्र रक्तकेंद्राच्या कागदांवर नसते. ते मंडळालाच मोजावे लागते. त्यासाठी टोकनच्या वहीत दोन रकाने पुरतात: आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या कार्यकर्त्याने एवढे सांभाळले की शिबिराचे खरे चित्र उभे राहते.

आता प्रश्न येतो परिणामाचा. १२३ पिशव्या जमल्या, म्हणजे प्रायोजकामुळे नेमके काय झाले? सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पहिली चूक म्हणजे पिशव्यांचा तीनने गुणाकार. ‘एक रक्तदान, तीन जीवदान’ असे फलक सगळीकडे दिसतात, आणि त्यामागे एक खरी गोष्ट आहे. एका पिशवीतल्या रक्तातून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे घटक वेगळे करता येतात आणि ते वेगवेगळ्या रुग्णांना देता येतात. पण ‘देता येतात’ आणि ‘दिले गेले’ यांत अंतर आहे. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. लाल पेशी, पिशवीत कोणते द्रावण आहे त्यानुसार, पाच ते सहा आठवडे टिकतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर ठेवता येतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, आणि काही पिशव्या त्यात बाद होऊ शकतात. शिवाय एकाच रुग्णाला अनेक पिशव्या लागू शकतात; प्लेटलेट खूप घसरलेल्या मोठ्या माणसाला एका वेळी चार-सहा दात्यांच्या प्लेटलेट द्याव्या लागतात. म्हणून १२३ पिशव्यांवरून ‘३६९ जीव वाचले’ असे लिहिणे हे हिशेबात बसत नाही. रक्तकेंद्रातल्या तंत्रज्ञाला ते वाक्य वाचून दाखवले तर तो मान डोलावणार नाही. पत्रात लिहिण्यासारखा आकडा १२३ हाच आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

दुसरी चूक त्याहून सूक्ष्म असते. गेल्या वर्षी ८६, या वर्षी १२३. म्हणजे ३७ पिशव्या पतसंस्थेमुळे वाढल्या, असे म्हणण्याचा मोह होतो. पण या वेळी शिबिर रविवारी होते, गेल्या वेळी मंगळवारी. नोंदणीची टेबलेही एकाऐवजी दोन होती. वाढीचे श्रेय कुणाला किती, हे सांगता येत नाही. मात्र एक आकडा हॉलशी थेट जोडता येतो. गेल्या वर्षी उन्हात वाट पाहून २७ जण परत गेले होते, या वेळी पाच. दुसऱ्या टेबलाचाही यात वाटा असेल, पण गेल्या वर्षी परत जाताना लोक उकाड्याचे कारण सांगत होते, आणि या वेळी बसायला सावली, पंखा आणि खुर्ची होती. पैशांचा परिणाम इथे दिसतो आणि तो सांगताना कुणालाही संकोच वाटायला नको.

अल्पोपाहाराबद्दलही असेच. रक्त दिल्यावर दात्याने दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे, काही पातळ पदार्थ प्यावा, असे सांगितले जाते, कारण चक्कर येण्याची शक्यता याच वेळात जास्त असते. उकाडा असेल तर माणूस तेवढेही थांबत नाही, कापूस दाबून धरतो आणि चालू लागतो. गार खोलीत नारळपाणी, केळे आणि पोहे हातात आले की तो बसतो. म्हणजे अल्पोपाहारावर गेलेला पैसा पाहुणचारावर गेला असे वाटले, तरी तो दात्याच्या सुरक्षिततेवर गेलेला असतो. हे प्रायोजकाला कुणी सांगत नाही. त्याला वाटते आपण नाश्ता दिला. सात जणांऐवजी दोघांना चक्कर आली हा आकडा लहान आहे, त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण नोंद म्हणून तो पत्रात यायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र पत्रात कधीच येऊ नये: ‘आपण दिलेल्या भेटवस्तूंमुळे रक्तदाते मोठ्या संख्येने आले.’ भारतात पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय दिलेले रक्त हाच आपल्याकडच्या व्यवस्थेचा पाया आहे. त्यामागचे कारण साधे आहे. मोबदल्याच्या आशेने आलेला माणूस आपला आजार, नुकतीच घेतलेली औषधे किंवा गेल्या महिन्यातले रक्तदान लपवण्याची शक्यता असते. रक्तदानापूर्वीच्या प्रश्नांना दात्याने खरी उत्तरे देणे हे रुग्णाच्या दृष्टीने प्रयोगशाळेतल्या तपासणीइतकेच मोलाचे असते. प्रमाणपत्र, बिल्ला, चहा-नाश्ता ठीक. महागडी भेटवस्तू शिबिराच्या मुळावर येते. तिचे कौतुक पत्रात छापले तर मंडळाने स्वतःच्या हाताने चुकीची कबुली दिल्यासारखे होते.

तपासणीत थांबवलेल्या २१ जणांचे काय? हे अपयश समजून बरीच मंडळे तो आकडा गाळतात. पण रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते, वजन किमान ४५ किलो लागते, पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने जावे लागतात. या शिबिरात थांबवलेल्यांपैकी १४ जणांचे हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यातल्या ११ स्त्रिया होत्या. त्यांना डॉक्टरांनी पुढे तपासून घ्यायला सांगितले. हा आकडा दिला की प्रायोजकाला शिबिर जसे झाले तसे दिसते. नावे मात्र एकाचेही देऊ नये. कुणाचे हिमोग्लोबिन कमी, कुणाला कोणत्या कारणाने नाकारले, ही त्या माणसाची खासगी बाब आहे. पत्रासोबत फोटो जोडायचे तर त्यातल्या दात्यांना आधी विचारलेले असावे.

पत्र केव्हा द्यावे? कार्यकर्त्यांची अडचण अशी असते की लगेच लिहावे तर आकडे नसतात, आणि आकड्यांसाठी थांबावे तर महिना उलटतो. यावर उपाय म्हणजे दोन पत्रे. पहिले दुसऱ्याच दिवशी, चार ओळींचे, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल: शिबिर झाले, १२३ जणांनी रक्त दिले, हॉलचा फार उपयोग झाला, हिशेब आणि सविस्तर पत्र पंधरा दिवसांत देतो. दुसरे पत्र रक्तकेंद्राशी बोलून झाल्यावर. तिथे विचारायचा प्रश्न एवढाच: आमच्या शिबिरातल्या किती पिशव्यांतले रक्त रुग्णालयांना दिले गेले? कोणाला दिले, कोणत्या आजारासाठी दिले, कोणती पिशवी बाद झाली, हे विचारू नये. रक्तकेंद्र ते सांगणार नाही आणि सांगूही नये.

आपल्या उदाहरणातल्या मंडळाने सतराव्या दिवशी दिलेले पत्र असे:

‘मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेने दिलेल्या ४०,००० रुपयांच्या मदतीतून मे महिन्यातले रक्तदान शिबिर हॉलमध्ये घेता आले. १२३ जणांनी रक्तदान केले. गेल्या वर्षी मैदानावरच्या मांडवात ८६ जणांनी केले होते. या वेळी शिबिर रविवारी होते, त्यामुळे सगळी वाढ हॉलमुळे झाली असे आम्ही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी उकाड्यात वाट पाहून २७ जण परत गेले होते, या वर्षी पाच जण गेले. हा फरक हॉल आणि कूलर नसते तर पडला नसता, असे आम्हाला वाटते.

गाडीच्या तीन फेऱ्यांमधून वाड्यांवरचे ३४ जण आले. त्यांतल्या २६ जणांनी रक्त दिले. त्यांपैकी १५ जणांचे हे पहिलेच रक्तदान होते. तपासणीत एकूण २१ जणांना रक्त देता आले नाही. त्यांतल्या १४ जणांचे हिमोग्लोबिन कमी होते, त्यांना डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगितले आहे.

रक्तकेंद्राने कळवल्याप्रमाणे बाराव्या दिवसापर्यंत ८८ पिशव्यांमधल्या लाल पेशी रुग्णालयांना दिल्या गेल्या होत्या.

खर्च असा झाला: हॉल १५,००० रुपये, कूलर ६,५००, अल्पोपाहार ८,०००, गाडी ४,५००, पाणी व छपाई २,३००; एकूण ३६,३००. शिल्लक ३,७०० रुपये मंडळाच्या खात्यात आहेत. ते परत करावेत की पुढच्या शिबिरासाठी ठेवावेत, हे आपण सांगाल तसे करू. पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

एक गोष्ट जमली नाही. दुपारी एक ते दोन या वेळेत नोंदणी बंद ठेवावी लागली, कारण आमचे स्वयंसेवक कमी पडले. पुढच्या वेळी दोन पाळ्या करणार आहोत.

आपल्या मदतीबद्दल मंडळातर्फे मनापासून आभार.’

पत्र एका पानात बसते. आभार हा शब्द त्यात एकदाच येतो, आणि तो शेवटी आल्यामुळे त्याच्या मागे सगळा तपशील उभा असतो. ‘महान’, ‘अनमोल’, ‘अभूतपूर्व’ यांची कुठे गरज पडलेली नाही. वाड्यांवरच्या १५ जणांनी पहिल्यांदा रक्त दिले, हे वाक्य संचालकांच्या बैठकीत वाचले जाईल तेव्हा ४,५०० रुपयांची गाडी कशाला लागली, असे कुणी विचारणार नाही. न जमलेली गोष्टही पत्रात आहे. तिच्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

पत्रात नसलेली एक गोष्टही पाहण्यासारखी आहे: पुढच्या वर्षीची मागणी. आभाराच्या पत्रातच पुन्हा हात पसरला की आधीचे सगळे आभार त्या मागणीची प्रस्तावना ठरतात. ती वेगळ्या पत्राने, वेगळ्या वेळी करावी. आणि आभार मानले म्हणजे पुढच्या वर्षी पैसे मिळतीलच, असेही धरून चालू नये. अमेरिकेत सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर अन्या सामेक आणि चक लाँगफील्ड यांनी एक मोठा प्रयोग केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देणगीदारांना आभाराचे फोन केले गेले, काहींना केले नाहीत. या क्षेत्रातल्या जाणकारांचा अंदाज होता की फोनमुळे पुढची देणगी चांगलीच वाढेल. प्रत्यक्षात काहीच फरक पडला नाही. ठरावीक साच्यातल्या आभारांनी पैसे येत नाहीत, एवढे तरी त्यावरून दिसते. पत्र लिहायचे ते दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब देणे आपले काम आहे म्हणून.

शब्दांची निवड कायद्याच्या बाजूनेही महत्त्वाची असते. देणगी आणि जाहिरातीसाठीचे प्रायोजकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मादाय संस्थेने देणगीदाराचे नाव केवळ कृतज्ञता म्हणून फलकावर लावले आणि त्यात त्याच्या धंद्याची जाहिरात नसेल, तर त्यावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआर नियमांमध्येही, आपल्या मालाच्या विक्रीसाठी फायदा व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरले जात नाही. त्यामुळे देणगी म्हणून पैसे घेतले असतील तर पत्रात ‘आपल्या शोरूमची जाहिरात ५०० लोकांपर्यंत पोहोचली’ असे लिहिणे दोन्ही बाजूंना अडचणीचे ठरू शकते. आणि जाहिरातीच्या करारानेच पैसे आले असतील, तर बॅनर कुठे लागला, किती वेळ होता, त्याचा फोटो, एवढे देणे हाच प्रामाणिक हिशेब. पैसे कोणत्या नात्याने आले, हे पत्र लिहिण्याआधी मंडळाच्या खजिनदाराला विचारून घ्यावे. करसवलतीची पावती पत्रात गुंडाळू नये. ती स्वतंत्र द्यावी.

ज्यांनी पैसे न देता वस्तू किंवा वेळ दिला, त्यांनाही हेच लागू पडते, फक्त पत्र लहान होते. नारळवाल्याने १५० नारळ दिले असतील तर ‘१२३ दात्यांना आणि १२ कर्मचाऱ्यांना नारळपाणी दिले, उरलेले १५ नारळ वृद्धाश्रमात पोहोचवले’ एवढी एक ओळ पुरते. खुर्च्यांचे भाडे न घेणाऱ्या मांडववाल्याला दोन खुर्च्या मोडल्याचे कळवून त्याचे पैसे द्यावेत आणि मग आभार मानावेत. प्रायोजकांची यादी मोठी असली की सगळ्यांना एकच पत्र पाठवले जाते आणि फक्त वरचे नाव बदलते. तालुक्याच्या गावात ही पत्रे चहाच्या टपरीवर एकमेकांना दाखवली जातात, हे विसरू नये.

येत्या मे महिन्यात शिबिर घेणाऱ्या मंडळांना एवढीच विनंती: रक्तकेंद्राची तारीख पक्की झाली की टोकनची वही आधी तयार करा, तिच्यात आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायचे दोन रकाने आखा, आणि ती कुणाकडे राहील ते बैठकीतच ठरवा. पत्राचा मजकूर त्या वहीतून निघेल.